मदत हवी आहे: सोसायटीच्या गेट अ‍ॅपचं सेटिंग्ज पान तपासायचंय, कुठून सुरुवात करू?

मुलुंडची_मी

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत (मुलुंड पूर्व, तीन विंग) गेटसाठी अ‍ॅप येतंय. पाहुणा किंवा कुरिअरवाला आला की वॉचमन फ्लॅट नंबर टाकतो, आपल्या मोबाइलवर विचारणा येते, आपण 'येऊ द्या' नाहीतर 'नको' दाबायचं. अ‍ॅपवाल्यांनी कमिटीतल्या काहीजणांना ते आधी वापरायला दिलंय आणि सेटिंग्जच्या पानावर लेखी अभिप्राय मागितलाय. "तुला मोबाइलमधलं कळतं" म्हणत कमिटीने हे काम माझ्या गळ्यात घातलं. मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासते. अर्जातली खोट चटकन दिसते, पण अ‍ॅपचं पान कशाच्या आधारावर तपासतात ते ठाऊक नाही. 'रंग छान नाही' छापाचं काही लिहून द्यायचं नाहीये.

पानावर वरून खाली हे असं आहे:

```
भाषा
डार्क मोड                 [बंद]
पाहुणे ऑटो मंजूर          [चालू]
सूचना म्यूट करू नका       [चालू]
नंबर लपवा                 [बंद]
मदतनीस सूचना              [चालू]
कॅशे साफ करा
फ्लॅट काढा
लॉगआउट
खाते डिलीट करा
          ( सेव्ह )
```

'चालू/बंद' मी लिहिलंय. पानावर फक्त बटण आहे, चालू असेल तर गडद केशरी, बंद असेल तर फिकं केशरी. शेवटच्या तिन्ही ओळी लाल अक्षरांत. 'फ्लॅट काढा' दाबलं की "तुम्हाला खात्री आहे का?" विचारतं, खाली 'रद्द करा' आणि 'ठीक'.

माझ्या मते गट पाडायला हवेत: सूचना, गेट, खाते. एवढं पुरे का? शनिवारी मीटिंग आहे.

दादरचा_बंड्या

ताई, एकदम सोपं आहे. जे जे धोक्याचं ते सगळं लाल करायचं आणि प्रत्येक ठिकाणी दोनदा विचारायला लावायचं. आणि ते खाते डिलीट काढूनच टाकायला सांगा. आमच्या आईने एका अ‍ॅपमध्ये असंच खातं उडवलं होतं, महिनाभर डोक्याला ताप.

शाईपेन

गट शेवटी पाडा. आधी एक कागद घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: हे चुकून दाबलं गेलं तर कोणाला झळ लागेल, चूक झाल्याचं कळेल कसं, आणि पूर्ववत करायला काय लागेल. अर्ज तपासणाऱ्या बाईंना हे जड जाऊ नये.

डार्क मोड घ्या. झळ फक्त तुम्हाला, लगेच दिसतं, पुन्हा दाबलं की संपलं. 'फ्लॅट काढा' घ्या. ते परत कसं जोडतात हे अ‍ॅपवाल्यांना विचारा, पण काहीतरी बिघडलंय हे त्याच संध्याकाळी कळेल, कारण गेटवरून विचारणाच येणार नाही. आता 'पाहुणे ऑटो मंजूर'. चुकून चालू झालं तर अनोळखी माणूस न विचारता आत येतो, झळ घरातल्या सगळ्यांना, आणि तुम्हाला पत्ता नाही, कारण विचारणा बंद करणं हेच त्या बटणाचं काम आहे. पानावरची सगळ्यात धोक्याची ओळ ही, आणि ती डार्क मोडच्या शेजारी तशाच बटणासह बसली आहे. वर ती आधीपासून चालू दिलीय! ही पहिली तक्रार लिहा.

माझ्या मते तिथे साधं बटण असूच नये. ओळीवर बोट ठेवल्यावर स्वतंत्र पान उघडावं: 'पाहुण्यांना न विचारता आत सोडा', कधीपर्यंत, आणि वेळ संपली की ते आपोआप बंद. चालू आहे तोवर अ‍ॅपच्या पहिल्या पानावर पट्टी दिसली पाहिजे.

बंड्या, वेगळं दिसायला हवं हे तुमचं खरं, पण सगळंच लाल केलं की लाल कोणी बघत नाही. इथे लॉगआउटसुद्धा लाल आहे. लॉगआउटने काय बिघडतं? ओटीपी टाकून परत आत. तेच प्रश्नांचं. जिथे तिथे "खात्री आहे का" विचारलं की बोटाला 'ठीक' दाबायची सवय लागते आणि नेमक्या वेळी ते न वाचता दाबलं जातं. जे मागे घेता येतं तिथे विचारू नये, 'पूर्ववत करा' द्यावं. जे घेता येत नाही तिथेच अडवावं.

आणि खाते डिलीट काढता येणार नाही. अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते अ‍ॅपमधूनच बंद करायची सोय अ‍ॅपलने ३० जून २०२२ पासून सक्तीची केली आहे. गुगल प्लेचाही तसाच नियम आहे, शिवाय त्यांना वेबवरही ती सोय लागते. ठेवावं लागणारच, फक्त 'माझं खातं' या आतल्या पानावर ठेवा.

निवांत

माझ्याही मोबाइलवर असंच होतंय. आमच्या अ‍ॅपमध्ये सूचना चालू दाखवतंय, पण गेटची रिंग काही वाजत नाही. वॉचमन इंटरकॉम करतो आणि वर मलाच ऐकवतो. सेटिंग कुठे बदलायचं?

रेवा_ठाणे

निवांतराव, हा धागा वेगळा आहे, पण सांगते. फोनच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स'मध्ये जाऊन त्या अ‍ॅपला सूचनांची परवानगी आहे का बघा. अँड्रॉइड १३ पासून नव्या अ‍ॅपला ती मागून घ्यावी लागते. सुरुवातीला घाईत 'नको' दाबलं असेल तर अ‍ॅपमधलं बटण चालू ठेवून काही होत नाही. तरीही वाजलं नाही तर बॅटरी वाचवण्याच्या यादीत ते अ‍ॅप अडकलंय का पाहा.

मुलुंडची_मी, ही तुमच्यासाठीही चाचणी आहे. फोनची परवानगी काढा आणि अ‍ॅपचं सूचनांचं बटण काय दाखवतं ते बघा. चालू दाखवत राहिलं तर ते खोटं बोलतंय. तिथे 'फोनने सूचना अडवल्या आहेत' असं लिहून थेट परवानगीच्या पानावर नेलं पाहिजे.

शाईपेन

रेवाची चाचणी कराच. आणखी एक करा. फोन विमान मोडवर टाका, 'नंबर लपवा' चालू करा, पानाबाहेर पडा, मग नेटवर्क देऊन परत या. आपल्याकडे लिफ्टमध्ये नि तळघरातल्या पार्किंगमध्ये हे रोज घडतं. बदल सर्व्हरपर्यंत पोचला नसेल तर बटणाने मागे यावं आणि तसं सांगावं.

ते 'सेव्ह' मला खटकतंय. सरकणारं बटण लगेच लागू होणार अशीच माणसाची समजूत असते, घरातल्या दिव्याच्या खटक्यासारखी. खाली सेव्ह ठेवायचं असेल तर चौकटीत टिक करायला द्या. दोन्ही एकत्र नको.

शब्दांसाठी: बटण हाताने झाका आणि शेजाऱ्यांना विचारा, "हे चालू केलं तर काय होईल?" मग हात काढा आणि विचारा, "आत्ता सूचना येतायत की नाही?" 'म्यूट करू नका' चालू आहे, म्हणजे म्यूट नाही, म्हणजे येतायत. एवढा हिशेब करावा लागतो तिथे लेबल नापास. होकारार्थी लिहा: 'गेटवरून विचारणा आल्यावर रिंग वाजवा'.

मुलुंडची_मी

सगळं करून पाहिलं. धन्यवाद मंडळी, आता लिहिण्यासारखं बरंच सापडलं.

ए विंगमधल्या काकांच्या मोबाइलवर अक्षरं सगळ्यात मोठी ठेवलेली आहेत. तिथे ओळ 'पाहुणे ऑटो मं…' एवढीच दिसते. काका म्हणाले, "पाहुण्यांना रिक्षा मागवून देतात का यात?" हसू आवरलं नाही, पण त्यांचं काय चुकलं? काकांनी मंजूर शब्द पाहिलाच नाही. फोन कृष्णधवल करून पाहिला तर गडद आणि फिकं केशरी जवळजवळ एकच राखाडी दिसतं, गोल डावीकडे की उजवीकडे यावरूनच ओळखायचं.

विमान मोडात बटण चालू झालं, सेव्ह दाबल्यावर 'जतन झाले' आलं, आणि नेटवर्क आल्यावर बघते तर बंद! नंबर लपवलाय असं समजून बाई निर्धास्त आणि नंबर सगळ्या सोसायटीला दिसतोय. सूचनांची परवानगी काढल्यावरही बटण चालूच दाखवतं.

'फ्लॅट काढा'चं विचारून घेतलं. घरातल्या सगळ्यांचं अ‍ॅप बंद होतं आणि परत जोडायला कमिटीची मंजुरी लागते. शेजारच्या काकूंना हे पान दाखवून म्हटलं, समजा तुम्ही जागा सोडताय. त्यांनी 'फ्लॅट काढा' केलं आणि पुढच्या प्रश्नावर 'रद्द करा' दाबलं. फ्लॅट रद्द करायचाय म्हणून!

शाईपेन

काकूंचं उदाहरण जसंच्या तसं लिहा, यापेक्षा चांगला पुरावा नाही. प्रश्न असा हवा: "बी-४०२ या खात्यातून काढायचा? घरातल्या चौघांचं अ‍ॅप बंद होईल. परत जोडायला कमिटीची मंजुरी लागेल." खाली 'फ्लॅट काढा' आणि 'राहू द्या'. काय होणार ते प्रश्नात, काय करणार ते बटणावर. 'ठीक' कुठेच नको.

आता गट. कागदाचा पहिला रकाना बघा, तुमचे गट तिथेच पडलेत. 'फक्त या मोबाइलवर': भाषा, डार्क मोड, रिंग, कॅशे. 'आमच्या फ्लॅटला लागू': न विचारता सोडणं, मदतनीस, फ्लॅट काढणं. 'माझं खातं': नंबर, लॉगआउट, डिलीट. घरातल्या एकाने केलेला बदल इतरांवर पडतो हे आत्ताच्या पानावर कुठेच कळत नाही.

रेवा_ठाणे

इथे माझं जमत नाही. माणूस 'रिंग कुठे बंद करायची' म्हणून शोधतो, 'हे कोणाला लागू' म्हणून नाही. मुलुंडताईंचे विषयवार गट ठेवा आणि ज्या ओळी सगळ्या घराला लागू आहेत त्यांच्याखाली बारीक अक्षरांत 'घरातल्या सर्वांसाठी बदलेल' असं लिहा.

शाईपेन

बारीक अक्षरांतलं काका वाचतील? मला शंका आहे. पण वाद घालण्यापेक्षा ओळी चिठ्ठ्यांवर लिहून शेजाऱ्यांना ढीग करायला द्या. जे ढीग पुन्हा पुन्हा पडतील ते घ्या.

निवांत

रेवाताई, परवानगी बंदच होती. आता वाजतंय. रात्री साडेअकराला पिझ्झावालाही वाजवून गेला, शेजारच्यांचा.

मुलुंडची_मी

चिठ्ठ्यांचं मीटिंगनंतरच जमेल, तोवर दोन्ही मांडण्या पाठवते. अ‍ॅपवाल्यांशी फोनवर बोलणं झालं. शब्द, रंग, विमान मोडाचा घोळ लगेच दुरुस्त करतो म्हणाले. न विचारता सोडण्याचं वेगळं पान आणि पट्टी मात्र पुढच्या आवृत्तीत. तोपर्यंत ती ओळच काढा असा आग्रह धरू का?

दादरचा_बंड्या

काढू नका हो. घरी बारसं असलं की पन्नास पाहुणे, प्रत्येकाला 'येऊ द्या' कोण दाबत बसणार?

शाईपेन

बारशाची यादी आदल्या दिवशी गेटवर देता येते. मी तर ओळ काढायलाच सांगेन. अगदीच हवी असली तर किमान ती सगळ्यांना आधीपासून बंद मिळू दे, आणि ज्यांनी चाचणीत अ‍ॅप घेतलंय त्यांच्या मोबाइलवर ती आत्ता चालू आहे, ती आजच बंद करायला सांगा. आणि भाडेकरूंचं विचारलंत का? मालक पुण्यात, भाडेकरू तुमच्याकडे, तर 'फ्लॅट काढा' नेमकं कोणाला दिसणार?

मुलुंडची_मी

आमच्या मजल्यावरच तसं एक घर आहे. हे अ‍ॅपवाल्यांनाही सांगता आलं नाही, म्हणाले कमिटीने ठरवावं. कमिटी म्हणते, अ‍ॅपवाल्यांनी ठरवावं. चाचणीवाल्यांना मेसेज टाकला आहे, दोघांची ओळ अजून चालूच आहे.