मदत हवी आहे: किरकोळ वादात सहकाऱ्याने मॅनेजरना सीसीत टाकलं, उत्तर काय देऊ?

मीनल_चाकण

आज चार वाजायच्या आत उत्तर द्यायचंय, म्हणून घाईत लिहितेय. मी अकाउंट्समध्ये आहे. परचेसच्या एकाशी एका बिलावरून आठवडाभर मेलामेली चालू होती. बिल ५०० नगांचं, पण माल आल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, ४८० ची. मी म्हटलं, २० नगांची क्रेडिट नोट आणा. तो म्हणतो, पूर्ण बिल पास करा, २० नग पुढच्या लॉटमध्ये येतील. एवढंच. आज सकाळी त्याने उत्तर दिलं आणि सीसीत मॅनेजरना घातलं: "अकाउंट्सकडे बिल तीन आठवडे अडकलंय. सर, कृपया लक्ष घालावे."

वाचून हातपाय गार पडले. सगळ्या जुन्या मेलचे स्क्रीनशॉट लावून पानभर उत्तर लिहून ठेवलंय. पाठवू का? त्याच्याही मॅनेजरना सीसीत घेऊ का?

रोखठोक_पाटील

घ्याच. त्याने सुरुवात केली आहे. आज गप्प बसलात तर पुढच्या महिन्यात प्रत्येक बिलाला हेच होईल. माझ्या आधीच्या कंपनीत मी एकदाच असं केलं, परत कोणी वाटेला गेलं नाही.

खातेवही

थांबा. मॅनेजर कोणाचे, तुमचे की त्याचे? सरांचं काही उत्तर आलंय का? आणि मेलआधी तुमचं दोघांचं बोलणं झालं होतं का?

मीनल_चाकण

माझे मॅनेजर. ते अजून काहीच बोलले नाहीत. बोलणं झालं नाही. त्याचे सोमवारी दोन फोन आले होते, पण मी जीएसटीच्या कामात होते, उचलले नाहीत. नंतर राहून गेलं.

सागर_ठाणे

आउटलुकमध्ये मेल रिकॉल करता येतो. सेंट आयटममधून मेल उघडायचा आणि रिकॉल दाबायचं. मी दोनदा वापरलंय.

खातेवही

सागर, रिकॉल स्वतः पाठवलेल्या मेलचा होतो, आणि तोही कंपनीच्या आतल्या आत. इथे मेल त्याचा आहे.

मीनलताई, ते दोन फोन तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिले नव्हते, पण मला तेच महत्त्वाचे वाटतात. फोन न उचलणाऱ्या माणसाच्या साहेबांना लोक सीसीत घालतात. तो बरोबर वागला असं मी म्हणत नाही, पण त्यात कुरापत असेलच असंही नाही. सप्लायर कोण आहे? छोटा आहे का, उद्यम नोंदणीवाला? परचेस ऑर्डरवर पेमेंटची मुदत काय लिहिली आहे?

मीनल_चाकण

हो, भोसरीतलं छोटं वर्कशॉप आहे, उद्यम आहे. पीओवर ४५ दिवस. माल येऊन २२ दिवस झाले. पण याचा सीसीशी काय संबंध?

खातेवही

संबंध आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. कमी नगांची हरकत घ्यायची तर ती माल आल्यापासून १५ दिवसांत आणि लेखी घ्यावी लागते. तुमचे हरकतीचे मेल कोणाला गेले? परचेसच्या माणसालाच ना? म्हणजे सप्लायरला तुमच्याकडून लेखी काहीच गेलेलं नाही. तुमचे स्क्रीनशॉट सरांसमोर नेमकं हेच दाखवतील. म्हणून ते लावू नका.

आता पैसे बघा. दर काय आहे?

मीनल_चाकण

नगाला ८५ रुपये, जीएसटी १८ टक्के. (हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.)

खातेवही

५०० नगांचे ४२,५०० आणि जीएसटी ७,६५०, एकूण ५०,१५०. वाद फक्त २० नगांचा, म्हणजे १,७०० आणि ३०६ जीएसटी, मिळून २,००६ रुपये. तेवढ्यासाठी ४८,१४४ रुपये अडकलेत. सरांना पानभर इतिहास नको आहे, हे दोन आकडे हवेत. आणि त्याचंही पूर्ण बरोबर नाही. २० नग याच बिलावर मागून आले, तर इनपुट क्रेडिट, म्हणजे बिलातल्या जीएसटीची वजावट, शेवटचा माल आल्यावरच घेता येतं. म्हणजे तुमचा आग्रह चूक नाही, फक्त चुकीच्या माणसासमोर मांडला गेला.

आधी त्याला फोन करा. मग त्याच साखळीत, सरांना सीसीत तसंच ठेवून, एकच उत्तर द्या. सरांना काढून उत्तर दिलंत तर काहीतरी लपवल्यासारखं दिसेल. त्याच्या साहेबांना घातलंत तर २,००६ रुपयांसाठी चार जण वाचत बसतील. मी असं लिहिलं असतं:

"आत्ता फोनवर बोललो. ४८० नगांचे ४८,१४४ रुपये आज पेमेंटला लावते. २० नगांचे २,००६ बाकी ठेवले आहेत. सप्लायरची क्रेडिट नोट शुक्रवारपर्यंत परचेसकडून मिळेल. सर, तुमच्याकडून काही नको, माहितीसाठी."

आधी काय झालं, कोणी काय म्हटलं, याचा एक शब्दही नाही. आणि 'फोनवर बोललो' हे खरोखर बोलल्याशिवाय लिहायचं नाही.

रोखठोक_पाटील

हे फार मवाळ झालं. "तीन आठवडे अडकलंय" हा आरोप आहे, तो खोडला नाही तर रेकॉर्डवर तसाच राहतो. आमच्याकडे अप्रेझलला अशाच मेल काढून दाखवल्या होत्या.

खातेवही

मुद्दा मान्य. मग एक वाक्य जोडा: "२० नगांच्या फरकाबद्दल मी अमुक तारखेला कळवलं होतं." तारीख द्यायची, विशेषण नाही. पण ती मेल परचेसला गेली होती, सप्लायरला नाही, हे सरांनी विचारलं तर सरळ सांगायची तयारी ठेवा.

शुभदा_नाशिक

माझं वेगळं झालं होतं. मला बीसीसीत ठेवलं होतं, मी लक्ष न देता रिप्लाय ऑल केलं आणि सगळ्यांना कळलं की मी गुपचूप वाचत होते. दोन महिने समोरची व्यक्ती बोलली नाही. उत्तर देण्याआधी आपलं नाव टू मध्ये आहे, सीसीत आहे की कुठेच दिसत नाही, हे पाहात जा.

सागर_ठाणे

ऑफिस बदलायचं असेल तर सध्या चाकणमध्ये अकाउंट्सच्या बऱ्याच जागा आहेत, सांगा.

मीनल_चाकण

सागर, जागा नको आहे, उत्तर हवं होतं. :)

फोन केला. पहिलं मिनिट दोघंही ताठ होतो. मग तो म्हणाला, सप्लायरने पुढचा लॉट रोखलाय, शनिवारी लाइन थांबेल, आणि त्याच्या साहेबांनीच "अकाउंट्सच्या मॅनेजरना कळव" म्हणून सांगितलं होतं. हे मेलमध्ये का लिहिलं नाहीस, विचारलं, तर म्हणाला, फोनवर सांगणार होतो. मला फारच वाईट वाटलं. खातेवहींचाच मसुदा पाठवला, पाटलांची तारीख जोडून. स्क्रीनशॉट काढून टाकले. सप्लायरला २० नगांबद्दल वेगळा मेलही केला, उशीर झाला असला तरी.

तीन वाजून दहा मिनिटांनी सरांचं उत्तर आलं: "ओके." बस. आता हे "ओके" चांगलं समजायचं की वाईट?

रोखठोक_पाटील

सरांना जाऊन भेटा. "ओके"चा अर्थ मेलवरून लावत बसू नका.

शुभदा_नाशिक

मी आज जाणार नाही. सर स्वतः काही बोलले तरच. विषय मिटलेला असताना तुम्हीच तो परत काढाल.

खातेवही

मला मध्यावर वाटतं. भेटायला म्हणून जाऊ नका. शुक्रवारी क्रेडिट नोट आली की त्याच साखळीत "मिळाली, बंद केलं" एवढं टाका. आली नाही तर त्या दिवशी मात्र सरांकडे तुम्हीच आधी जा.

मीनल_चाकण

क्रेडिट नोट अजून आलेली नाही. उद्या सकाळी त्याला आठवण करते, या वेळी फोनवर.