मदत हवी आहे: ड्रमच्या तराफ्यावर कोजागिरीला किती माणसं चालतील?

राजवाडा_रिटर्न्स: मामेभावाचं इंदूरजवळ शेत आहे. तिथे मोठं शेततळं आहे, मध्ये दोन पुरुष पाणी. यंदा कोजागिरीला आटीव दूध पाण्यावर प्यायचं असं आमच्या मंडळाने ठरवलंय. तराफा ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद. लोखंडी चौकोनी पाइपची चौकट, वर १८ मिमी प्लाय, चारी बाजूंनी रेलिंग. खाली २०० लिटरचे निळे ड्रम आडवे, सहा-सहाच्या दोन ओळी, दोन्ही लांब कडांना. ओळींच्या मध्यांमधलं अंतर २.४ मीटर. १२ ड्रम म्हणजे २४०० किलो, माणूस ७५ किलोचा धरला तर ३२ जण. आम्ही २५ आहोत. चालेल ना?

सराफा_रात्री_१२: चालेल की भिया. ड्रममध्ये थर्माकोल ठासून भरा, म्हणजे क्षमता आणखी वाढेल.

पाटबंधारे_निवृत्त: थर्माकोलने क्षमता वाढत नाही. ड्रम जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढंच वजन तो उचलतो, आत हवा असो की थर्माकोल. ड्रम फुटला तर मात्र थर्माकोलमुळे तो पुरता भरत नाही. त्यासाठी भरणार असाल तर जरूर भरा.

आता २५ माणसांचं. आधी तराफ्याचं स्वतःचं वजन वजा करा. प्लाय साधारण २१० किलो, पाइप आणि रेलिंग १७०, ड्रम १०८, नट-बोल्ट धरून ५०० समजा. उरले १९००. यातही २५ माणसं बसतात, पण सगळे तराफाभर सारखे पसरून उभे राहिले तरच, आणि तेव्हा ड्रम जवळजवळ बुडालेले असतील.

चंद्र एका बाजूला उगवणार. फोटोसाठी सगळे त्याच रेलिंगला येणार. रेलिंग ड्रमच्या ओळीच्या थोडं बाहेर आहे, त्यामुळे गर्दीचा अख्खा भार त्या एका ओळीवर येतो, वर थोडा जास्तच, आणि पलीकडची ओळ उलट हलकी होते. एका ओळीची ताकद १२००. त्यातले २५० तराफ्यानेच खाल्ले. उरले ९५०, म्हणजे कडेला १२ माणसं आली की ती ओळ पूर्ण पाण्याखाली. त्यापुढे तिला उचलायला काही उरत नाही, तेरावा माणूस आला की कड खाली जाते. शिवाय उभ्या माणसाचं वजन उंचावर असतं, तराफा कलला की तेही बाहेर सरकतं. म्हणून ओळ दोन-तृतीयांशाहून जास्त बुडू द्यायची नाही. तिथपर्यंत ५५० किलो, म्हणजे ७ माणसं.

दुसऱ्या बाजूने ताडून पाहा. आडवा ड्रम अर्धा बुडेपर्यंत निवांत असतो, पुढे वर जाताना तो अरुंद होत जातो, त्यामुळे तेवढ्याच वजनाला जास्त खचतो. सगळे ड्रम अर्धे बुडायला एकूण १२०० किलो, त्यातून ५०० वजा केले तर ७००, म्हणजे ९ माणसं. मी ७ लिहून पाटी लावेन.

पंपवाला_महू: माझा पाच हॉर्सपॉवरचा पंप चार ड्रमवर तीन वर्षं तरंगतोय, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

पाटबंधारे_निवृत्त: पंप फोटो काढायला रेलिंगला धावत नाही.

राजवाडा_रिटर्न्स: सात? मंडळात निम्म्याहून जास्त लोकांना नाही सांगायचं कसं? मध्ये ड्रमची तिसरी ओळ घातली तर?

पाटबंधारे_निवृत्त: थोडा फायदा होईल. पण मधला ड्रम कलताना कमी कामाला येतो. तेच ड्रम बाहेरच्या बाजूला, फळीच्याही बाहेर काढून लावले तर कल जास्त आवरतो.

चाचणी माणसांवर करू नका. वीस लिटरचे पाण्याचे कॅन एका रेलिंगला लावत जा. २७ कॅन म्हणजे ५४० किलो. दुसऱ्या दिवशी रिकामा तराफा बघा. मोकळ्या तराफ्याचे ड्रम सुमारे १५ सेंटीमीटर बुडायला हवेत. ड्रमवर रंगाची रेघ मारून ठेवा. एक कोपरा रेघेखाली गेला तर त्या ड्रममध्ये पाणी शिरलंय. बुचं पहाटेच्या गारव्यात घट्ट करा. दुपारी तापलेल्या ड्रमला बूच लावून पाण्यात सोडलात, तर आतली हवा आकसते आणि जरा वॉशर ढिला असला की पाणी ओढून घेते. दोन्ही बुचं आडव्या रेषेत ठेवा, एक वर एक खाली नको.

मालव्याची_माहेरवाशीण: शेततळ्याला प्लास्टिक अंथरलंय का? आमच्याकडे आहे. ओलं झालं की पोहता येणारा माणूसही काठ चढू शकत नाही. गाठी मारलेले दोर उतारावर सोडून ठेवा आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट. २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली ते आठवतं ना?

राजवाडा_रिटर्न्स: हो, प्लास्टिकच आहे. दोर लावतो. दोन्ही कडांना दुहेरी ओळी, म्हणजे २४ ड्रम केले तर १५ जण जातील का?

पाटबंधारे_निवृत्त: दुसरी ओळ बाहेर लावणार की आत, त्यावर आहे. मापं टाका, मग बघू. आणि वाऱ्याचं मी अजून धरलेलंच नाही. काठाला किती दोरांनी बांधणार आहात?

सराफा_रात्री_१२: सात-सातच्या फेऱ्या करा. बाकीच्यांना काठावर दूध.