‘मेनू कॉस्ट’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘चिकट किंमत’ चालेल का?

शब्दांकिता
एका त्रैमासिकासाठी अर्थशास्त्रावरचा लेख मराठीत आणतेय. ‘स्टिकी प्राइस’साठी ‘चिकट किंमत’ आणि ‘मेनू कॉस्ट’साठी ‘खाद्यपत्रिका-खर्च’ असं लिहिलं होतं. संपादकांनी दोन्हींना लाल गोल केला आणि समासात लिहिलं, “हॉटेलवाल्यांना मेनू छापायचा कंटाळा, म्हणून देशात मंदी, असा अर्थ निघतोय. तपासा.” पंचाईत अशी की मूळ लेखाचं म्हणणं साधारण तेच आहे! ‘अल्पकाळात पैसा तटस्थ नसतो’ हेही त्यांना खटकलं. पैसा कधीपासून कुणाची बाजू घ्यायला लागला, म्हणे. कॉलेजात ‘किंमत-ताठरता’ वाचल्याचं आठवतं, पण ते लिहिलं की वाचक पान उलटतो. सुचवा काहीतरी.

जुनीपोथी
आपल्याकडे पेशवाईपासून चालत आलेला शब्द असताना ही खाद्यपत्रिका कशाला? निरख म्हणजे बाजारभाव, आणि सरकारने ठरवून दिलेल्या भावांची यादी म्हणजे निरखनामा. ‘निरख-खर्च’ म्हणा. नेटका आहे, दोन शब्दांत काम होतं. गिऱ्हाईक माल निरखून घेतं, त्यातूनच तो आला असावा.

लेस्टरवासी
निरख फारसी आहे हो. निरखणे संस्कृत निरीक्षणावरून आलं. दोघांची गाठ फक्त तुमच्या प्रतिसादात पडली.

औषधवाला
चिकट किंमत बरोबरच आहे की. चिकटवलेली किंमत. सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला तेव्हा जुन्या मालावर नव्या किमतीचे स्टिकर लावायची मुभा होती. आमच्या औषधांना तर स्टिकरचीही सक्ती नव्हती, कंपनीकडून आलेलं सुधारित दरपत्रक दुकानात ठेवा आणि त्या भावाने विका. तरी पाकिटावर एक आकडा, बिलावर दुसरा, प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून घसा बसला. या खर्चाला तुम्ही काय म्हणता ते म्हणा, तो आम्ही भोगलाय.

शब्दांकिता
काका, चिकट म्हणजे स्टिकरने चिकटवलेली नव्हे हो, जागची न हलणारी. पण तुम्ही सांगताय तो, भाव बदलताना होणारा खर्च मात्र नेमका लेखातलाच आहे.

फळ्यावरचा_खडू
शब्द नंतर बघू. आधी संपादकांची शंका, कारण ती रास्त आहे. ‘मेनू छापायला लागतात किती आणि मंदीत बुडतात किती’ हा आक्षेप अर्थशास्त्रज्ञही घेत. 1985 मध्ये त्याला उत्तर आलं, मॅनक्यू यांच्या एका लेखातून आणि अकरलॉफ-येलेन या जोडप्याच्या दुसऱ्या लेखातून.

एक खानावळ घ्या. थाळी 100 रुपये, थाळीमागे खर्च 60, आठवड्याला 400 थाळ्या. नफा 16,000. भाव एक रुपया वाढवला की 10 थाळ्या कमी खपतात, उतरवला की 10 जास्त. करून बघा, दोन्हीकडे नफा 15,990 होतो, म्हणजे 100 हाच तिचा सर्वांत फायद्याचा भाव.

आता बाजारातला पैसा 5 टक्क्यांनी आटला. लोकांच्या हातातली रक्कम, डाळ-तांदूळ, मजुरी, सगळं 5 टक्क्यांनी उतरलं असं धरू. थाळीचा खर्च झाला 57. मालकाने भाव 95 केला तर थाळ्या पुन्हा 400 आणि नफा 15,200. आकडा लहान झाला, पण त्यात पूर्वीइतकाच बाजार येतो. कुणाचं काही बिघडलं नाही. पैसा तटस्थ आहे म्हणतात ते हे, त्याचा बाजू घेण्याशी संबंध नाही.

पण फलक रंगवणं, मेनू छापणं यांना 4,000 लागतात म्हणून मालकाने 100 च ठेवले. गिऱ्हाइकाच्या आटलेल्या खिशाला ते 105 सारखे लागतात. थाळ्या येतात 347 वर. एकेका थाळीवर 43 सुटतात, म्हणजे नफा 14,921. भाव न उतरवल्याबद्दल मालकाला आठवड्याला 279 रुपयांची चाट. 4,000 वसूल व्हायला चौदा आठवड्यांहून जास्त लागतील, म्हणून तो थांबतो. त्याच्या जागी मीही थांबेन.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. नफा 2 टक्केही घटला नाही, विक्री मात्र 13 टक्क्यांनी घटली. नफ्याचा डोंगर माथ्याशी सपाट असतो, चार पावलं सरकलं तरी उंची फारशी जात नाही. थाळ्यांचा आकडा त्याच चार पावलांत धाडकन खाली येतो. त्या 53 थाळ्यांची पोळी लाटणारी बाई आणि त्यांची भाजी आणणारा टेंपोवाला मालकाच्या हिशेबात नाहीतच. जेवणाऱ्यांनी प्रत्येकी पाच रुपये जादा मोजले आणि बाकीचे फिरकलेच नाहीत, ते धरलं तर गिऱ्हाइकांचं नुकसान 279 च्या सहापटीहून जास्त भरतं. गल्लीतली प्रत्येक खानावळ असाच शहाणा हिशेब करते आणि सगळ्यांचा मिळून धंदा बसतो. संपादकांना सांगा, छपाईखर्चाने मंदी आणली नाही. पैसा आटण्याने आणली, छपाईखर्चाने तिला वाट दिली.

टक्केवारी
म्हणजे उलट बाजूने पैसा वाढवला की धंदा वाढणार, आणि जितका जास्त वाढवू तितका जास्त. मग सरकार नोटा छापत का नाही?

फळ्यावरचा_खडू
पहिलं अर्धं बरोबर, दुसरं उलटं. पैसा 5 टक्क्यांनी वाढला तर मालक थांबतो आणि थाळ्या जास्त खपतात. पण 30 टक्क्यांनी वाढला तर थांबण्याचा तोटा शेकड्यांत राहत नाही, हजारांत जातो. मग 4,000 चा मेनू त्याच संध्याकाळी छापून येतो. महागाई जितकी तापलेली, तितक्या लवकर भाव बदलतात आणि पैसा तितका तटस्थ होत जातो. शिवाय भाव बदलायची वेळ प्रत्येकावर कधीतरी येतेच, म्हणून हे सगळं अल्पकाळापुरतं.

खानावळ_सदाशिव
मास्तर, हिशेब झकास, पण तुम्ही खानावळ चालवलेली दिसत नाही. एक, आचाऱ्याचा पगार 5 टक्क्यांनी उतरवून दाखवा. दुसऱ्या दिवशी तो समोरच्या हॉटेलात कांदा चिरताना दिसेल. दोन, माझा भाव खडूने पाटीवर लिहिलेला असतो. पुसून लिहायला काय लागतं? ओलं फडकं. तरी मी वर्षात एकदाच वाढवतो, तेही दिवाळीनंतर. मेसचे मेंबर दहा रुपये वाढले की आठवडाभर तोंड वाकडं करतात, आणि दोनजण डबा बंद करतात. आणि समोरच्याने आधी वाढवला का हे बघितल्याशिवाय मी फडकं हातात घेत नाही.

फळ्यावरचा_खडू
पगाराचा मुद्दा मान्य. मी सगळे खर्च उतरवले ते हिशेब सोपा राहावा म्हणून. पगार उतरत नसेल तर भाव उतरवण्याचं कारण आणखी कमी होतं, म्हणजे भाव जास्तच अडून बसतो. समोरच्याकडे बघण्याचंही तसंच. एकटा मेनूचा खर्च लहान, पण प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघत असला की तो पुरून उरतो.

पाटीवरच्या खडूचा मुद्दा खरा मोठा. 1997 मध्ये अमेरिकेतल्या पाच सुपरमार्केट साखळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हा खर्च प्रत्यक्ष मोजला होता. फळीवरची चिठ्ठी बदलणारा नोकर, छपाई, चुकलेल्या किमतींची भरपाई, सगळं धरून एका दुकानाला वर्षाला 1,05,887 डॉलर. विक्रीच्या 0.7 टक्के, ऐकायला किरकोळ. पण निव्वळ नफ्याच्या तुलनेत 35 टक्क्यांवर. एक किंमत बदलायला सरासरी 52 सेंट. ज्या साखळीला कायद्याने प्रत्येक नगावर किमतीची वेगळी चिठ्ठी लावावी लागे, तिथे 1.33 डॉलर, आणि ती साखळी किमती बऱ्याच कमी वेळा बदलत होती. औषधवाले काका, तुमचे स्टिकर इथे बसतात. फक्त जीएसटी हा कर, पैशाचा पुरवठा नव्हे.

पुढे 2004 मध्ये एका मोठ्या कारखानदार कंपनीच्या आत बसून असाच हिशेब मांडला गेला. कागदी खर्च सर्वांत लहान निघाला. भाव किती करायचा यावर साहेब लोकांच्या बैठकांचा खर्च त्याच्या सहापटीहून जास्त, आणि गिऱ्हाइकांना समजावण्या-विनवण्याचा वीसपटीहून जास्त. म्हणजे तुमचं वाकडं तोंड.

जुनीपोथी
मग तर ‘खाद्यपत्रिका-खर्च’ साफच चुकीचा, कारण त्यात कागदच सर्वांत स्वस्त. निरख-खर्चात बैठक, विनवणी सगळं येतं.

लेस्टरवासी
येत नाही. निरख सरकार ठरवायचं. इथे सगळी गोष्ट दुकानदार स्वतः ठरवतो आणि तरी बदलत नाही याची आहे. ‘भावबदलाचा खर्च’ म्हणा, आजीलाही कळेल. आणि ‘चिकट’ नकोच. मराठीत चिकट माणूस म्हणजे पाठ न सोडणारा किंवा कवडीचुंबक. ‘अडून बसलेला भाव’ हे खानावळवाल्यांच्या तोंडचं वाटतं.

टक्केवारी
परिभाषेला क्रियापदाची शेपटी लावू नका. ताठर बरा. लवचीकच्या उलट ताठर, पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत लिहिलाय.

खानावळ_सदाशिव
ताठर भाव म्हटलं तर मी गिऱ्हाइकाशी उर्मटपणा करतो असं वाटेल.

शब्दांकिता
‘भावबदलाचा खर्च’ टिपून घेतला. पण एक नवीनच शंका. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाचलाच, आत बिस्किटं कमी होत गेली. हा भाव अडलेला म्हणायचा की हललेला?

फळ्यावरचा_खडू
हललेला. सरकारी महागाई निर्देशांकही भाव वजनावरच काढतो. पुडा पाचचा राहिला आणि 10 टक्के ग्रॅम घटले, तर किलोचा भाव 11 टक्क्यांनी वाढला. गेल्या वेळी कर उतरला तेव्हाही अशा छोट्या पुड्यांची किंमत तशीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग कंपन्यांनी घेतला.

औषधवाला
पण वजन बदललं की पाकिटावरचा मजकूर बदलतो, म्हणजे वेष्टण नवीन छापावंच लागतं. मग छपाईचा खर्च वाचला कुठे? तो तर झालाच. सहा रुपये छापले असते तरी तेवढाच आला असता.

लेस्टरवासी
सहा रुपयांना सुट्टे लागतात. अमेरिकेत कोका-कोला 1886 पासून 1950 च्या दशकापर्यंत पाच सेंटला होता, दोन महायुद्धं झाली तरी. विक्रीयंत्रं एकच नाणं घेत, आणि पुढचं नाणं दहा सेंटचं. थेट दुप्पट कसं करणार? कंपनीने साडेसात सेंटचं नाणं पाडायची विनंती सरकारकडे केली, ती फेटाळली गेली.

औषधवाला
तो नाण्याचा प्रश्न झाला, मेनूचा नव्हे. आता लोक पाच रुपयेसुद्धा मोबाइलवर देतात, सहा द्यायला काय अडचण? तरी पुडा पाचचाच. मास्तर, हे कोणत्या खर्चात बसवता?