मोकळ्या पट्टीच्या टोकाला टोला दिला तर दुसरं टोक खरंच मागे येतं का?

अकरावीवाला, मानेवाडा
गुळगुळीत टेबलावर पट्टी मोकळी ठेवली आणि एका टोकाला काटकोनात आडवा टोला दिला. सर म्हणतात, दुसरं टोक उलट दिशेला जातं आणि पट्टीवर एका जागी अजिबात धक्का बसत नाही. मला पटत नाही. मागे ढकलणारं कोणी नाही, मग ते टोक मागे येईलच कसं?

धरमपेठकर
येतं ना भाऊ. पट्टी मधोमध फिरते. एक टोक जेवढ्या वेगाने पुढे, दुसरं तेवढ्याच वेगाने मागे. धक्का न बसणारी जागा म्हणजे बरोब्बर मध्य.

निवृत्त शिक्षिका, गोकुळपेठ
टोक मागे येतं हे बरोबर, पण मध्य जागेवर राहतो हे साफ चूक. पट्टीला कोणी अडवलेलं नाही, त्यामुळे टोल्याचा सगळा आवेग J तिच्याकडेच राहतो. मध्य J/m वेगाने पुढे निघणारच, टोला कुठेही बसो.

समजा पट्टी 30 सेंमी, 60 ग्रॅम, आणि टोल्याचा आवेग 0.03 न्यूटन-सेकंद. मध्य सेकंदाला 0.5 मीटरने पुढे जातो. शिवाय पट्टी फिरते: कोनीय वेग 6J/(mL), म्हणजे सेकंदाला 10 रेडियन. मध्यापासून 15 सेंमीवरच्या टोकाला फिरण्यामुळे 1.5 मीटर वेग मिळतो. टोला बसलेल्या टोकाला दोन्ही वेग एकाच दिशेने, म्हणून 2 मीटर. पलीकडच्या टोकाला ते एकमेकांविरुद्ध, म्हणून 1 मीटर, मागे.

आता तुझी शंका, बाळा. मागे ढकलणारी ती पट्टीच आहे. ती ताठ आहे, वाकत नाही. एक टोक मध्याला मागे टाकून पुढे पळालं की दुसरं मध्यापेक्षा मागे पडणं भागच आहे. मध्याची पुढची चाल ही पिछाडी भरून काढते का, एवढंच बघायचं. इथे 0.5 समोर 1.5 आहे, म्हणून नाही. मध्यापलीकडे 5 सेंमीवर मात्र दोन्ही बरोबर फिटतात. तीच बिनधक्क्याची जागा, टोल्याच्या टोकापासून 20 सेंमीवर.

तुझा अंदाजही एका ठिकाणी खरा ठरतो. टोला मध्यापासून 5 सेंमीच्या आत दिलास, तर सगळी पट्टी पुढेच जाते.

सदरचा कॅरमवाला
मॅडम, आत्ताच करून पाहिलं. कॅरमवर पावडर टाकली, स्टीलची पट्टी ठेवली, स्ट्रायकरचा काठ टोकाशी जुळवून मारला आणि फोनवर स्लो मोशन घेतलं. स्थिर जागा 20 वर नाही, 21 च्या जवळ दिसते. आणि तीसुद्धा लगेच पळते! मग स्थिर कशी म्हणायची?

निवृत्त शिक्षिका, गोकुळपेठ
छान केलंत. स्ट्रायकर गोल आहे. काठ टोकाशी जुळवला तरी तो पट्टीला टेकतो साधारण 2 सेंमी आत, म्हणजे मध्यापासून 13 वर. टोल्याचं अंतर b असेल तर स्थिर जागा मध्यापलीकडे L²/(12b) वर येते. 900 भागिले 156, म्हणजे 5.8. टोकापासून 20.8. तुमच्या व्हिडिओने हिशोब पडताळून दिला.

आणि ती जागा स्थिर असते फक्त टोल्याच्या क्षणी. पुढे ती चाकाच्या काठावरच्या ठिपक्यासारखी कमानी घेत जाते. घर्षण नसेल तर दर फेऱ्याला एकदा क्षणभर थांबते.

सुतारकाम, इतवारी
आमच्याकडं पट्टी नाही, दार हाय. मे महिन्यात गरम हवेनं एका घरचं दार धाडकन उघडून आदळायचं. आधीच्या माणसानं स्टॉपर बिजागरीजवळ ठोकला होता. वरच्या बिजागरीचे स्क्रू भोकातून सैल होऊन बाहेर आलेले, लाकडाचा भुसा खाली सांडलेला. मी स्क्रू बदलले, स्टॉपर 90 सेंमीच्या दारात बिजागरीपासून 60 वर नेला. तवापासून तक्रार नाही. पण माझं दार तर बांधलेलं हाय, मोकळं नाही. हा तोच हिशोब का?

निवृत्त शिक्षिका, गोकुळपेठ
तोच, दादा, उलट्या बाजूने वाचलेला. मोकळ्या पट्टीला 60 वर मारलं तर शून्याचं टोक आपसूक जागेवर राहतं. मग तिथे बिजागरी असली तरी तिला धरून ठेवायचं काही काम उरत नाही. दार सगळीकडे सारखं जड हवं, एवढी अट. खालची पट्टी जाड असली तरी चालेल, पण कडेला जड कुलूप असेल तर जागा थोडी बाहेर सरकते.

धरमपेठकर
मध्याचं चुकलं, मान्य. पण मग क्रिकेटच्या बॅटचंही दोन तृतीयांशावर का सांगत नाही? मी वीस वर्षं खेळतोय, हाताला झिणझिण्या न येणारी जागा तिथे नसते.

निवृत्त शिक्षिका, गोकुळपेठ
बॅट सारखी जड नाही, आणि मूठ म्हणजे एका बिंदूची बिजागरी नाही. शिवाय बॅट थरथरते. सारख्या जाडीच्या मोकळ्या दांड्याची मुख्य थरथर टोकापासून 22 टक्क्यांवर शून्य असते, म्हणजे दुसऱ्या टोकापासून 78 वर, 67 वर नव्हे. झिणझिण्या थरथरीच्या की धक्क्याच्या, हे मी हातावरून सांगू शकत नाही.

धरमपेठकर
माझ्या मते थरथरीच्याच. रविवारी बॅटवर खडूने खुणा करून चेंडू मारून बघतो.

अकरावीवाला, मानेवाडा
मॅडम, पिछाडी भरून काढण्याचं कळलं. पण तोच आवेग मध्यावर दिला तर ऊर्जा J²/(2m), टोकावर दिला तर चौपट येते. जास्तीची आली कुठून?

निवृत्त शिक्षिका, गोकुळपेठ
मारणाऱ्याच्या हातातून. टोक चौपट वेगाने पळतं, म्हणून तेवढाच आवेग द्यायला हाताला त्याच्या मागे चौपट अंतर जावं लागतं.