मदत हवी आहे: टेकआउटमध्ये व्हॉट्सॲपचा बॅकअप का येत नाही?

आईचे जुने मेसेज संगणकावर जपून ठेवायचे आहेत. गूगल टेकआउटमधून ड्राइव्हचा सगळा डेटा उतरवला, पण झिपमध्ये चॅट नाहीत. शोधल्यावर कळलं, की बॅकअप ड्राइव्हच्या लपवलेल्या ॲप-फोल्डरमध्ये असतो. तो फक्त व्हॉट्सॲपलाच वाचता येतो. आपल्याला नुसतं नाव नि आकार दिसतो.

मग फोनमधल्या `Databases` फोल्डरमधून `msgstore.db.crypt15` काढली. ती कूटबद्ध, उघडली की नुसती अगम्य चिन्हं. एंड-टू-एंड बॅकअप चालू करताना मिळालेली 64 अक्षरी की मात्र वहीत लिहिलेली आहे. ती वापरून ही फाइल संगणकावर कुणी उलगडली आहे का? नेमकं कसं केलंत? ‘एक्सपोर्ट चॅट’ माहीत आहे, पण त्यात फार जुने मेसेज गळतात.