रात्रीचा रेंडर: एक शॉट एक मशीन, का सगळी मशीन एकाच शॉटवर?

टिळकवाडी_थ्रीडी: आमचा छोटा स्टुडिओ हाय, ब्लेंडर सायकल्सवर काम. ३ मशीन, एका फ्रेमला एकावर ४ मिनिटं, दुसऱ्यावर ६, जुन्यावर १२. रात्री ९ ते सकाळी ८ एवढाच वेळ. एक २४० फ्रेमचा शॉट सकाळी क्लायंटला द्यायचाच हाय, दुसरा १५० चा. रांग कशी लावू?

शहापूरकर: एक शॉट एक मशीन, मी नेहमी असंच करतो. मोठा शॉट वेगवान मशीनला, छोटा दुसऱ्याला. कुठलं काय अडकलं ते सकाळी लगेच कळतं. आणि कापड, धूर असलं सिम्युलेशन बेक न करता फ्रेम तीन मशीनवर वाटल्या तर एक मशीन मधूनच सुरू करतंय आणि कापड भलतीकडंच दिसतंय, हे कुणी सांगत नाही.

खानापूरची_मधू: शहापूरकर, बेकचं तुमचं एकदम बरोबर. कॅश आधी बेक करून शेअर्ड फोल्डरवर ठेवायचीच, आणि तिन्ही मशीनवर ब्लेंडरचं व्हर्जन एकच पाहिजे. पण वाटणीचा हिशोब बघा की. ११ तास म्हणजे ६६० मिनिटं, ४ मिनिटवाल्या मशीनच्या १६५ फ्रेम होतात, म्हणजे जो शॉट सकाळी द्यायचाय तोच ७५ फ्रेमनं अर्धवट, आणि जुनं मशीन रात्रभर रिकामं. तिन्ही एकत्र लावली तर मिनिटाला अर्धी फ्रेम पडते, रात्रीत ३३०. दोन्ही शॉट मिळून ३९० आहेत, म्हणजे ६० राहणारच, ते आत्ताच मान्य करा आणि कुठल्या ६० राहायच्या ते तुम्ही ठरवा, मशीनला ठरवू देऊ नका.

मी असं लावेन. फ्रेम एकेक इमेज म्हणून काढायच्या, थेट व्हिडिओ नाही. आउटपुटमध्ये Overwrite बंद, Placeholders चालू, आउटपुट फोल्डर तिघांचं एकच, पण प्रत्येक शॉटचं वेगळं. मग एका मशीननं फ्रेम घेतली की तिथं रिकामी फाईल बसते आणि दुसरं मशीन पुढची घेतं. सगळ्यात आधी प्रत्येक शॉटची दर दहावी फ्रेम, तिन्ही मशीनवर हीच कमांड, दुसऱ्या शॉटला फक्त त्याची फाईल आणि `-e 150`:

```
blender -b shot01.blend -s 1 -e 240 -j 10 -a
```

दोन्ही शॉटच्या मिळून ३९ फ्रेम, म्हणजे ७८ मिनिटं. सव्वादहा-साडेदहाला झोपायच्या आधी बघून घ्या, टेक्श्चर हरवलं असेल, लाइट उडाला असेल तर तिथंच कळतंय, आणि ह्या फ्रेम वाया जात नाहीत, नंतरच्या फेरीत त्या सोडूनच पुढं जातं. मग `-j 10` काढून मोठा शॉट, उरलेल्या २१६ फ्रेम पहाटे साडेपाचपर्यंत, आणि मग दुसरा जेवढा होईल तेवढा.

निपाणीचा_राजू: मी लग्नाचे व्हिडिओ एक्सपोर्ट करतो, रात्री लाइट गेली की सगळा एक्सपोर्ट पहिल्यापासून. तुम्ही यूपीएस घ्या बघू आधी, रांग नंतर.

खानापूरची_मधू: राजूदादा, व्हिडिओ एक्सपोर्ट वेगळा, इथं फ्रेम सुट्या असतात म्हणून झालेल्या शिल्लक राहतात. पण लाइटचा मुद्दा इथंही लागतोच, फक्त दुसऱ्या वाटेनं. मध्येच लाइट गेली की त्या वेळची रिकामी फाईल तशीच राहते आणि परत सुरू केल्यावर सगळी मशीन ती झाली असं समजून सोडून देतात. म्हणून परत सुरू करायच्या आधी फोल्डर साइजनं लावा, ० केबीच्या आणि बाकीच्यांपेक्षा फारच लहान दिसणाऱ्या फाईल डिलीट करा.

कॅम्पातला_रेंडरवाला: हे हातानं कशाला करायचं, फ्लेमेंको हा रेंडर मॅनेजर टाका ना, फुकट हाय. मशीन गप्प झालं की काही वेळानं त्याचं काम तो दुसऱ्याला देतो. फक्त चंक साइज सांभाळा. चंक २० ठेवली आणि जुन्या मशीनला पहाटे ५ ला तो तुकडा मिळाला तर ४ तास, ९ वाजेपर्यंत बसा. दर फ्रेमला फाईल उघडणं नको म्हणून मी ५ ठेवतो, म्हणजे जुन्यावर तासाभराचा तुकडा.

खानापूरची_मधू: ३ मशीनला मॅनेजर सेट करण्यात एक संध्याकाळ जाते, तुमचं काम आज रात्रीचं हाय. पाच-सहा मशीन झाली की मी पण तेच म्हणेन.

शहापूरकर: बरं, एकत्र लावा, हिशोब पटला. पण ६० फ्रेम राहिल्या म्हणून दुसऱ्या शॉटचे सॅम्पल निम्मे केले तर सगळंच बसेल की.

कॅम्पातला_रेंडरवाला: केले तर अख्ख्या शॉटचे करा, नाहीतर करूच नका. अर्धा शॉट एका सॅम्पलवर आणि अर्धा दुसऱ्यावर झाला की डिनॉइज केल्यावर बदल दिसतो, आणि सॅम्पल फार खाली आणले की स्थिर भिंतसुद्धा फ्रेमागणिक लुकलुकते.

टिळकवाडी_थ्रीडी: बेक करूलोय, दर दहावीची फेरी ९ ला चालू करतो. सॅम्पलचं ह्या ३९ फ्रेम बघून ठरवतो, अजून पक्कं नाही.

शहापूरकर: सॅम्पल कमी करायचे तर ९ च्या आधी ठरवा. मागाहून बदललं तर दुसऱ्या शॉटच्या झालेल्या १५ फ्रेम जुन्या सॅम्पलच्याच राहतील, त्या डिलीट कराव्या लागतील.