द्विअंकी, द्विमान आणि चवलीचा घोळ

विश्रामबागची ताई: सांगलीतल्या एका क्लाससाठी मी भरतीच्या सराव परीक्षेचे प्रश्न मराठीत करते. परवा 'बायनरी'ला 'द्विअंकी' लिहिलं आणि 'डेसिमल'ला 'दशांश'. प्रश्न झाला, "१०११ या द्विअंकी संख्येचे दशांश रूपांतर करा." तासगावचा एक मुलगा पेपर घेऊन आला, "मॅडम, ही चार अंकी आहे, प्रश्नच चुकलाय." त्याच्या शेजारणीनं १०.११ असं उत्तर लिहिलं होतं. दोघांचं मराठी पक्कं, चूक माझी. उद्या दुरुस्त प्रत द्यायची आहे. काय लिहू?

कृष्णाकाठ: द्विमान आणि दशमान. आमच्या पुस्तकात हेच होतं. द्विअंकी म्हणजे १० ते ९९, आणि दशांश म्हटलं की टिंब आलंच.

कराडचा पोरगा: बायनरी लिहा की सरळ. द्विमान वाचून पोरं विमान शोधत बसतील.

काटेकोर: 'मान' म्हणजे माप. दशमान म्हणजे मीटर, किलो, १९५७ची नवी नाणी. संख्या लिहायच्या पद्धतीला 'द्विआधारी'च म्हणावं.

कृष्णाकाठ: अहो, एकं, दहं, शतं यालाही दशमानच म्हणतात. अर्धंच सांगताय.

शनिवार पेठ, सातारा: नाण्यांचं निघालंय म्हणून सांगतो. ५७च्या आधी आम्ही खिशात द्विमानच घेऊन हिंडायचो, फक्त नाव ठाऊक नव्हतं. पैसा, दोन पैशांचा ढब्बू, चार पैशांचा आणा, आठाची चवली, सोळाची पावली, बत्तीसची अधेली, चौसष्टचा रुपया. दर वेळी दुप्पट. ४५ पैसे द्यायचेत? मोठ्या नाण्यापासून सुरू करा. अधेली दिली, उरले १३. पावली बसत नाही. चवली दिली, उरले ५. आणा दिला, उरला १. ढब्बू नको, पैसा दिला. दिलं तिथं १, नाही दिलं तिथं ०, म्हणजे १०११०१.

कराडचा पोरगा: आजोबा, भारी! पण क्लासमध्ये दोननं भागत जाऊन बाकी लिहायला लावतात.

मिरजेची गणितवाली: तेही बरोबर, फक्त बाक्या खालून वर वाचायच्या. मुलं वरून वाचतात. काकांचं ४५ उलटसुलट सारखंच, तिथं ही चूक लपते. ५० घ्या. बाक्या क्रमानं ०, १, ०, ०, १, १. खालून वाचलं तर ११००१०, म्हणजे अधेली, पावली, ढब्बू. वरून वाचलं तर ०१००११, म्हणजे १९. पन्नास सम आहे, मग शेवटी १ येईलच कसा? तेवढं पाहिलं तरी चूक सापडते.

वाईची सूनबाई: आमच्याकडे बेरजेत 'हच्चा' म्हणतात, मुलाच्या बाई म्हणतात 'हातचा' म्हण. बरोबर काय? आणि या बायनरीत तो असतो का?

काटेकोर: हातचा. हातात राहिलेला, म्हणून. हच्चा ही भ्रष्ट बोली.

कृष्णाकाठ: आमची आजी हच्चाच म्हणायची आणि तिचा हिशोब कधी चुकला नाही.

मिरजेची गणितवाली: असतो, ताई, आणि दर दोनाला येतो. १०११ आणि ०१११ मिळवा, काकांच्याच नाण्यांत. दोन पैसे झाले, त्यांचा एक ढब्बू, पैशाच्या घरात ०. ढब्बू आधीचे दोन आणि हा एक, तीन. त्यातल्या दोघांचा आणा, घरात १ उरला. आणे दोन, त्यांची चवली, घरात ०. चवल्या दोन, त्यांची पावली, घरात ०. उत्तर १००१०, पावली आणि ढब्बू, १८. ताळा बघा, ११ आणि ७. माझ्या वर्गात हीच बेरीज कुणीतरी ११२२ करतंच. उत्तरात २ दिसला की समजायचं, हातचा विसरला. आणि १० ला 'दहा' म्हणू नका, 'एक शून्य' म्हणा, निम्मे घोळ तिथंच.

काटेकोर: पैशाखाली पैसुद्धा होती. एका पैशात तीन पै. तिथं तुमची दुप्पट कुठं गेली?

शनिवार पेठ, सातारा: तिथं मोडते, कबूल. म्हणून मी पैशावरच थांबलो.

कराडचा पोरगा: पण चवली आठ पैशांची कशी? चव म्हणजे चार, म्हणजे चार आणे, सोळा पैसे.

शनिवार पेठ, सातारा: ती हिंदीतली चवन्नी, बाळा. आपली चवली दोन आण्यांची. चार आण्यांची ती पावली.

कराडचा पोरगा: मग चवलीतला 'चव' कुठला?

काटेकोर: चवीपुरती मिळायची, म्हणून.

कृष्णाकाठ: काहीही!

विश्रामबागची ताई: मंडळी, उद्याच्या पेपरात द्विमान लिहू की बायनरी?

वाईची सूनबाई: आमच्या सासूबाई म्हणतात, चवली भोकाची होती. खरं का हो, काका?